ज्येष्ठमधयुक्त वनौषधी चहा आणि रक्तदाब

ज्येष्ठमध ही शिंबावंत कुलातील ग्लिसिऱ्हायझा ग्लाब्रा या वनस्पतीची गोड चवीची मुळी होय. संस्कृतात तिला यष्टिमधु व हिंदीत मुलेठी म्हणतात. महाराष्ट्रात खोकला किंवा घसा बसणे यांवर तिची कांडी चघळली जाते, ती काढ्यात उकळली जाते आणि बाळगुटीतही उगाळली जाते. अलीकडे बाजारातील अनेक वनौषधी चहांमध्ये साखरेऐवजी गोडवा आणण्यासाठी ही मुळी मिसळलेली असते. असा चहा दररोज व दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो आणि रक्तातील पोटॅशियम घटू शकते. कधीतरी घेतलेल्या एखाद्या कपाने सहसा असे होत नाही.

== क्रिया ==

ज्येष्ठमधाचा गोडवा मुख्यतः ग्लिसिऱ्हायझिन या द्रव्यामुळे असतो. ते उसाच्या साखरेपेक्षा तीस ते पन्नास पट गोड असते. आतड्यातील जीवाणू त्याचे विघटन करतात आणि त्यातून ग्लिसिऱ्हेटिनिक आम्ल तयार होते. रक्तदाबावर होणारा परिणाम प्रामुख्याने या आम्लाचा असतो.

शरीरात किती मीठ राखायचे आणि किती पोटॅशियम मूत्रावाटे सोडायचे, हे अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणारे अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक ठरवते. मूत्रपिंडातील ज्या ग्राहीवर अल्डोस्टेरॉन बसते, त्याच ग्राहीवर कॉर्टिसॉल हे दुसरे संप्रेरकही तितक्याच सहजपणे बसू शकते. रक्तात कॉर्टिसॉलचे प्रमाण अल्डोस्टेरॉनच्या शेकडो पट असते, त्यामुळे ही ग्राही खरे तर सतत कॉर्टिसॉलनेच व्यापलेली असायला हवी. तसे होत नाही, कारण मूत्रपिंडाच्या त्या पेशींमध्ये एक विकर पहाऱ्यावर असते. आत येणाऱ्या कॉर्टिसॉलचे ते निष्क्रिय कॉर्टिसोनमध्ये रूपांतर करते. ग्लिसिऱ्हेटिनिक आम्ल नेमके हेच विकर रोखते. पहारा उठला की कॉर्टिसॉल ग्राहीवर बसते आणि मूत्रपिंड जणू अल्डोस्टेरॉनचा पूर आला आहे अशा रीतीने वागू लागते. सोडियम व पाणी शरीरात साठते, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम मूत्रावाटे निघून जाते. ज्येष्ठमध बाहेरून कोणतेही संप्रेरक शरीरात आणत नाही. परिणाम घडतो तो शरीराच्या स्वतःच्या कॉर्टिसॉलमुळे.

== शोधाचा इतिहास ==

१९४६ मध्ये नेदरलँड्समधील वैद्य रेव्हर्स यांनी जठरव्रणावर ज्येष्ठमधाच्या अर्काचा उपयोग केला. व्रणांना आराम पडला, परंतु सुमारे पाचव्या हिश्श्याच्या रुग्णांच्या अंगावर सूज आली. या अर्कातच अल्डोस्टेरॉनसारखे काम करणारे द्रव्य असावे, असे तेव्हा वाटणे साहजिक होते. पण १९५३ मध्ये बोर्स्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, ज्यांच्या शरीरात कॉर्टिसॉल तयार होत नाही अशा ॲडिसन रोगाच्या रुग्णांवर ज्येष्ठमधाचा हा परिणाम कॉर्टिसोनच्या जोडीने दिल्यासच ठळकपणे दिसतो. म्हणजे ज्येष्ठमध एकट्याने काही करत नव्हते, त्याला दुसऱ्या कशाची तरी साथ लागत होती. १९६८ मध्ये अमेरिकेतील कॉन आणि सहकाऱ्यांनी ज्येष्ठमधजन्य विकाराचे वर्णन केले. त्याला आभासी अल्डोस्टेरॉनाधिक्य म्हणतात, कारण लक्षणे अल्डोस्टेरॉन वाढल्याची असतात, पण ते संप्रेरक प्रत्यक्षात घटलेले असते. विकराच्या अवरोधाचा दुवा १९८७ मध्ये ब्रिटनमधील स्टुअर्ट आणि सहकाऱ्यांनी जोडला आणि बोर्स्ट यांच्या निरीक्षणाचा अर्थ लागला.

== कपातील मात्रा ==

वाळलेल्या मुळीत ग्लिसिऱ्हायझिनचे प्रमाण जात, जमीन व साठवण यांनुसार बरेच बदलते. समजा ते ५ टक्के आहे. मग २ ग्रॅम मुळीत, म्हणजे साधारण एका छोट्या चमचाभर पुडीत, १०० मिलिग्रॅम ग्लिसिऱ्हायझिन असेल. गरम पाण्यात काही मिनिटे बुडवलेल्या पुडीतून त्यातला काही भागच उतरतो. मुळी बराच वेळ उकळून केलेल्या काढ्यात तो अधिक उतरतो आणि पूड चोथ्यासह प्यायल्यास सगळाच पोटात जातो. त्यामुळे ‘दिवसाला दोन कप’ या उत्तरावरून मात्रा कळत नाही. मुळी किती आणि ती कशी घेतली, हे विचारावे लागते.

युरोपीय संघाच्या अन्नविषयक वैज्ञानिक समितीने दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लिसिऱ्हायझिन ही सर्वसाधारण प्रौढांसाठी वरची मर्यादा सुचवली आहे. ही मर्यादा पूर्णतः निर्धोक मानता येत नाही. स्वीडनमध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी तरुणांना दोन आठवडे रोज एवढीच मात्रा दिली गेली, तेव्हा त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी ३ मिलिमीटरने चढला. वाढ लहान आहे, पण सर्वांत सारखी नव्हती. काही जण बरेच अधिक संवेदनशील आढळले.

== एक नोंदलेले उदाहरण ==

कॅनडातील माँट्रियल येथे ८४ वर्षांच्या एका पुरुषाला अतिउच्च रक्तदाबामुळे रुग्णालयात दाखल करावे लागले. ही घटना २०१९ मध्ये तेथील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्याला रक्तदाबाचा विकार आधीपासून होता. घरी मोजलेला वरचा रक्तदाब १८० ते २१० मिलिमीटर भरत होता. जोडीला डोकेदुखी, उजेड सहन न होणे, छातीत दुखणे, थकवा व पोटऱ्यांवर सूज होती. उपचार सुरू झाल्यानंतर त्याने सांगितले की, तो दोन आठवड्यांपासून रोज एक ते दोन पेले घरी बनवलेले ‘एर्क सूस’ पीत होता. हे ज्येष्ठमधाच्या मुळीचे पेय इजिप्तमध्ये, विशेषतः रमजानच्या काळात, लोकप्रिय आहे. रुग्ण असे पेय औषधांच्या यादीत मोजत नाहीत, म्हणून ‘आणखी काही घेता का?’ या मोघम प्रश्नाला बहुधा नकारार्थी उत्तर मिळते.

== निदान व उपचार ==

पोटॅशियम घटले की स्नायू थकतात, पायांत गोळे येतात, बद्धकोष्ठता होते, छातीत धडधडते. ते फारच घटल्यास हृदयाची लय बिघडू शकते किंवा हातपाय लुळे पडतात. रक्तातील पोटॅशियम सामान्यतः लिटरमागे ३.५ मिलिमोलच्या वर असते. रक्तदाब जास्त, पोटॅशियम कमी, आणि रेनिन व अल्डोस्टेरॉन दोन्ही कमी, हा मेळ ज्येष्ठमधाकडे बोट दाखवतो. अधिवृक्क ग्रंथीच्या गाठीमुळे होणाऱ्या कॉन रोगात अल्डोस्टेरॉन वाढलेले असते.

पहिला उपचार म्हणजे ज्येष्ठमध थांबवणे. त्यानंतरही परिणाम लगेच ओसरत नाही. विकर पूर्ववत व्हायला दोन आठवड्यांपर्यंत काळ लागू शकतो, तर दबलेले रेनिन व अल्डोस्टेरॉन सावरायला कधी काही महिने जातात. तोवर गरजेनुसार पोटॅशियम दिले जाते. ती ग्राही अडवणारे स्पायरोनोलॅक्टोनही उपयोगी पडते.

मूत्रल औषधे, स्टेरॉइड किंवा सोनामुखीसारखी रेचके घेणाऱ्यांचे पोटॅशियम आधीच घटत असते, त्यामुळे त्यांना धोका जास्त. डिगॉक्सिन घेणाऱ्यांत घटलेले पोटॅशियम त्या औषधाची विषबाधा ओढवू शकते. रक्तदाबाचे व मूत्रपिंडाचे रुग्ण तसेच गर्भवती स्त्रिया यांना नियमित सेवन टाळण्यास सांगितले जाते.

चहाच्या वेष्टनावर पुढच्या बाजूला तुळस किंवा आले ठळक छापलेले असले, तरी घटकांच्या यादीत मुलेठी, यष्टिमधु किंवा लिकोरिस या नावांनी ज्येष्ठमध आढळू शकते. याउलट, पाश्चात्त्य देशांतील काही काळ्या गोळ्यांना ज्येष्ठमधासारखा वाटणारा स्वाद केवळ ॲनिस या बडीशेपेसारख्या बियांच्या तेलाचा असतो. त्यांत ग्लिसिऱ्हायझिन नसते.