पैठणी भेट द्यायची आहे, पण साडीतलं काही कळत नाही

पैठणी घ्यायला दुकानात गेलेला माणूस पहिला प्रश्न रंगाचा विचारतो आणि दुसरा किमतीचा. दुकानदार गादीवर दहा साड्या उलगडतो, सगळ्यांच्या पदरावर मोर असतो, सगळ्या चमकतात. त्यातली एक दोन-तीन हजारांची निघते आणि दुसरी पंधरा हजारांची. दोन्हींना पैठणीच म्हणतात. भेट घेणाऱ्याचा गोंधळ इथे सुरू होतो, कारण फरक साडीच्या समोरच्या बाजूला दिसतच नाही.

म्हणून दुकानदाराला पदर उलटा करायला सांगा. हातमागावरच्या पारंपरिक पदरात जरीच्या पट्ट्यावर मोर, मुनिया किंवा कमळ उठवताना विणकर प्रत्येक रंगाचा रेशमी धागा वेगळ्या छोट्या कांडीवरून फिरवतो. पानाचा हिरवा धागा पानाच्या कडेपर्यंत जातो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो आणि परत फिरतो. त्यामुळे मागूनही तोच मोर जवळजवळ तसाच दिसतो, फक्त उलट्या तोंडाचा. यंत्रमागावरच्या पदरात धागा एका नक्षीकडून दुसरीकडे मागच्या अंगाने आडवा जातो. मागे सुट्या धाग्यांचं जाळं दिसतं, नाहीतर ते कापून टाकल्यामुळे खरखरीत तुटकी टोकं बोटाला लागतात. ही पाहणी पदरावरच करावी. येवल्यात हातमागालाही जॅकार्ड लावून काठ विणतात, त्यामुळे काठाच्या मागे सुटे धागे दिसले म्हणून साडी हातमागाची नाही, असं ठरवता येत नाही.

रेशमाची खात्री करायला सिल्क मार्कची चिठ्ठी मागा. ती केंद्रीय रेशीम मंडळाने सुरू केलेली खूण आहे. पण ती फक्त रेशीम शुद्ध आहे एवढंच सांगते, साडी हातमागावर विणली की यंत्रमागावर हे सांगत नाही. दुकानात ही चिठ्ठी अनेकदा हातमागाचा पुरावा म्हणून पुढे केली जाते, तेव्हा सावध राहा. जरीबद्दल तर सरळ विचारावं. आज बहुतेक पैठण्यांत खऱ्या चांदीची जर नसते, आणि त्यात फसवणूक नाही, फक्त तसं सांगून तशीच किंमत घेतली पाहिजे. सेमी पैठणी घेण्यातही कमीपणा नाही. वाईट एवढंच की सेमीला हातमागाची किंमत मोजली जाते आणि ज्याने महिनाभर मागावर बसून पदर विणला त्याची साडी महाग म्हणून मागे राहते.

साडी कुठली हे कळलं की ती कुणासाठी, याचा विचार करायचा, आणि भेट बहुतेक वेळा इथे चुकते. एका मित्राला आईच्या एकसष्टीला पैठणी द्यायची होती, पंधरा हजारांच्या आत. त्याला आवडली होती लालभडक साडी, वीतभर रुंद काठ, पदरभर बांगडी मोर. मी त्याला आईबद्दल विचारलं. उंची जेमतेम पाच फूट, एक खांदा दुखरा, रोज सुती साड्या, तेही फिके रंग. साडीची रुंदी साधारण पंचेचाळीस इंच असते. ठेंगण्या बाईने ती कमरेला जास्त खोचली की रुंद काठच जास्त नजरेत भरतो आणि अंगाचा रंग दिसायला जागा कमी उरते. भरगच्च जरीचा पदर दिवसभर दुखऱ्या खांद्यावर वागवायचा, हेही त्रासाचं. शेवटी त्याने रामा रंगाची, चार बोटं काठाची, पदराला मुनियाची एकच ओळ असलेली हातमागाची साडी घेतली. तेवढ्याच पैशांत पदर मोठा मिळाला असता, पण मग तो हाताने विणलेला नसता. पैठणीत उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या रंगाचे घेऊन धूपछाँव साधतात. तो रंग दुकानाच्या दिव्यात एक आणि उन्हात दुसराच दिसतो, म्हणून साडी दाराशी नेऊन बघितली.

नऊवारी नेसणाऱ्या आजीला सहावारी देऊन काही उपयोग नाही. ती साडी सुमारे सव्वाआठ मीटरची लागते आणि सहसा आधी सांगून विणून घ्यावी लागते. साडी क्वचितच नेसणाऱ्या मुलीला पैठणी ओढणी जास्त वापरात येते. पुरुषाला उपरणं द्यावं.

प्रसंगाप्रमाणे आणखी एक-दोन गोष्टी बघाव्या लागतात. लग्नाच्या पैठणीआधी दोन्ही घरी विचारा, कारण माहेर आणि सासर दोघांकडून एकाच रंगाची साडी येणं फार नेहमीचं आहे. डोहाळजेवणाला हिरवी पैठणी देतात. तिचं ब्लाऊजपीस न शिवता तसंच ठेवा, कारण आज मापाने शिवलेलं ब्लाऊज बाळंतपणानंतर बसेलच असं नाही. तिची साडीही हलकी असावी, बाई तासभर पाटावर बसणार असते. संक्रांतीच्या पहिल्या सणाला काळी शोधत असाल, तर ती ऐन वेळी मिळेल असं धरून चालू नका, महिनाभर आधी सांगा. फॉल-बीडिंग आणि ब्लाऊज यांना आठ-दहा दिवस लागतात, म्हणून ज्या दिवशी ती नेसली जावी असं वाटतं त्याच्या आधी ती हातात पडली पाहिजे.

आता बांधणं. दुकानातली झगझगीत पेटी देताना छान दिसते, पण त्यातली प्लास्टिकची पिशवी दमट हवा आत कोंडते आणि जर काळवंडते. देण्यापुरती पेटी राहू द्या, आतली पिशवी काढा आणि साडी धुतलेल्या, रंग न दिलेल्या पांढऱ्या मलमलीत गुंडाळा. वरून खणाचं कापड बांधून गाठ मारली की कागदाची गरज राहत नाही, आणि तो खण तिला ब्लाऊजला वापरता येतो. टाचण्या आणि चिकटपट्टी साडीला लागू देऊ नका. अत्तर शिंपडू नका, डांबराच्या गोळ्या साडीला भिडवू नका. वास हवा असेल तर लवंगांची पुरचुंडी मलमलीच्या बाहेर ठेवा. ओटीत साडीवर नारळ, तांदूळ आणि हळद-कुंकू येतं. कुंकवाचा डाग रेशमातून सहज जात नाही, म्हणून साडी मलमलीतच राहू द्या आणि कुंकू त्या कापडाला लावा.

किमतीची चिठ्ठी काढा, सिल्क मार्कची ठेवा. सोबत एका कागदावर लिहा की साडी कुठे विणली, हातमागाची आहे का, जर कुठली, आणि धुवायला ड्रायक्लीनिंगच करावं. दोन-तीन महिन्यांनी घडी उलगडून मोड बदलावी, हेही त्यातच लिहा, कारण एकाच मोडीवर वर्षानुवर्षं राहिलेली जर तिथेच तुटते. साडी परदेशातल्या बहिणीला पाठवायची असेल, तर प्रवासापुरतं वरून प्लास्टिक लागेल. तेव्हा कागदाची पहिली ओळ हीच असू द्या की पोचल्याबरोबर प्लास्टिक काढून टाक.