दोन महिन्यांनंतर उरलेले जंतू

प्रिय सागर,

ताईचा फोन आला होता. ताप गेला, खोकला थांबला, वजन 51 वरून 55 किलोवर आलं, थुंकीचा रिपोर्टही निगेटिव्ह. मग आता गोळ्या कशाला, असं तू म्हणतोस म्हणे. तुझ्या मावशीची सगळी नोकरी थुंकीच्या काचपट्ट्या तपासण्यात गेली. तेव्हा त्या 'निगेटिव्ह'चा अर्थ माझ्याकडूनच ऐक.

काचेवर थुंकीचा पातळ थर पसरायचा, खालून गरम करत त्यावर लाल रंग चढवायचा आणि मग तो आम्लाने धुऊन काढायचा. बाकी सगळ्याचा रंग उतरतो, क्षयाच्या जंतूचा उतरत नाही, कारण त्याच्या भिंतीत मेणासारखा थर असतो. शेवटी निळा रंग दिला, की निळ्यावर बारीक लाल काड्या उठून दिसतात. इतक्या वर्षांनीही मला त्याचं नवल वाटतं! पण एक मिलिलिटर थुंकीत निदान पाच-दहा हजार जंतू असल्याशिवाय ही काडी सहसा नजरेला पडत नाही. तुझ्या थुंकीत हजारभर असतील, तर मी तासभर डोळे फोडले तरी 'निगेटिव्ह'च लिहीन.

आणि हे उरलेले मोठे बेरकी. पोटात बिघाड करणारे साधे जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात, क्षयाच्या जंतूला त्यासाठी जवळजवळ वीस तास लागतात. त्यातले काही तर वाढणंच थांबवून झोपून राहतात. आयसोनियाझिड जंतूची ती मेणचट भिंत बांधू देत नाही. म्हणून भराभर वाढणारे पहिल्या काही दिवसांतच मरतात आणि तुला बरं वाटू लागतं. पण जो भिंत बांधतच नाही, त्याचं हे औषध काय बिघडवणार? तिथे पायराझिनामाइड लागतं, ते आम्लधर्मी जागेत दडलेल्यांना गाठतं. आणि रिफाम्पिसिन झोपलेला जंतू जरा जागा झाला, की त्याच क्षणी त्याला पकडतं. पण कोण कधी जागा होईल ते सांगता येत नाही. पुढचे चार महिने रोज गोळ्या आहेत त्या याच्यासाठी.

एकाच औषधावर का भागत नाही, हेही ऐक. साधारण दहा लाखांत एक जंतू जन्मतःच आयसोनियाझिडला दाद देत नाही. रिफाम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एक. फुप्फुसातल्या एका पोकळीत दहा कोटी जंतू सहज मावतात, म्हणजे एकट्या औषधातून कोणीतरी निसटणारच. पण दोन्हींतून एकदम निसटणारा निघायला या दोन आकड्यांचा गुणाकार करावा लागतो, आणि तेवढे जंतू कोणाच्या छातीत नसतात. म्हणून मनाने एखादी गोळी गाळायची नाही.

आता त्रासाचं. लघवी केशरी होते ती रिफाम्पिसिनच्या स्वतःच्या रंगाने. घाम, अश्रूही रंगतात. त्याला घाबरायचं नाही. सांधे दुखत होते ते बहुधा पायराझिनामाइडमुळे. आता ते औषध बंद होऊन गोळीत तीनच औषधं राहतील, तेव्हा दुखणंही ओसरेल. तळपायाला मुंग्या आल्या तर सांग, बी-6 ची गोळी देतात. मळमळत असेल तर थोडं खाऊन घे.

दोन गोष्टींत मात्र वाट बघायची नाही. अन्नावरची वासना उडाली, सारखी उलटी होते आहे, डोळ्यांचं पांढरं पिवळं दिसतं आहे, तर ती यकृताची तक्रार. केशरी लघवीत डोळे पांढरेच राहतात, त्यावरून फरक ओळख. दुसरी, नजर धूसर होणं किंवा लाल-हिरवा रंग नीट न कळणं. ते एथॅम्ब्युटॉलमुळे होतं, आणि ते औषध शेवटपर्यंत चालू राहणार आहे. यातलं काहीही झालं तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टर गाठ. गोळ्या पुन्हा कधी आणि कशा सुरू करायच्या, ते त्यांनी ठरवायचं. आणि दारू या सहा महिन्यांत नको, यकृतावर आधीच ताण आहे.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नकोस. तुझ्या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या आशाताईंना सांग, त्या रागावणार नाहीत. (रागावल्या तर मला फोन कर.) निक्षय पोषण योजनेचे महिन्याला 1000 रुपये खात्यात आले का, तेही बघ. नोव्हेंबर 2024 पासून रक्कम 500 वरून 1000 झाली आहे. बँकेचा तपशील चुकला, की पैसे अडकतात, तेव्हा पासबुक घेऊन आरोग्य केंद्रात जा. शिधा देणारा निक्षय मित्र मिळेल का, तेही तिथेच विचार. अडलंच तर 1800-11-6666 हा मोफत नंबर आहे.

कामासाठी सुरतेला जायचं म्हणतोस, तर जा. फक्त निघण्याआधी केंद्रात कळव आणि निक्षयचा नंबर जवळ ठेव. त्या नंबरावर नोंद तिकडे बदलून मिळते आणि औषधं तिथेही फुकटच मिळतात. प्रवासापुरत्या गोळ्या आधी मागून घे. चार गोळ्या रोज एकदम घ्यायच्या, डब्यात त्या वेगळ्या ठेव.

तुझी,
मावशी