मॅडम, ते मीम तुमच्यावर नव्हतं

समजा, एस. वाय. बी.एस्सी.च्या एका मुलाने एस.टी. स्टँडच्या बाकावर पिशवी उशाला घेऊन झोपलेल्या प्रवाशाचं चित्र घेतलं आणि वर लिहिलं, ‘सोमवार : साडेनऊला लेक्चर संपलं. प्रॅक्टिकलची गाडी दोन वाजता लागेल.’ वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हसून लोळला. दुपारी कुणीतरी खाली ‘वेळापत्रक समितीचे आभार’ अशी ओळ जोडून ते पुढे पाठवलं आणि रात्री ते वेळापत्रक करणाऱ्या मॅडमच्याच फोनवर पोहोचलं. आता या मुलाला पत्र लिहायचं आहे.

‘मी गमतीने केलं होतं’ एवढ्याने भागत नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली यांनी सहकाऱ्यांसह 2005 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी ई-मेलवर कधी गंभीर, कधी उपरोधाची वाक्यं पाठवली. आपला सूर शंभरातल्या 78 वेळा ओळखला जाईल असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो 56 वेळाच ओळखला गेला, म्हणजे छापा-काटा करण्यापेक्षा जेमतेम बरा. लिहिणाऱ्याच्या मनात स्वतःचा आवाज घुमत असतो; वाचणाऱ्याला तो ऐकू येत नाही. मीममध्ये तर वाक्यही धड नसतं.

त्यात मॅडमची बाजू मुलांना दिसत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानंतर मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह असे विषय आले. ओपन इलेक्टिव्हला वेगवेगळ्या शाखांची मुलं एकत्र बसतात, म्हणून तो तास साऱ्यांचा एकाच वेळी मोकळा लागतो. यूजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला 16 तास शिकवायचं असतं. प्रयोगशाळा एकच, बॅचेस अनेक. एक तास हलवला की दुसरीकडे तीन अडकतात. इतकं जुळवून झाल्यावर फोनवर बाकावरचा प्रवासी येतो. राग येणारच.

मग पत्र असं जाऊ शकतं :

‘आदरणीय मॅडम, सा. न.

सोमवारच्या गॅपवरचं एस.टी. स्टँडचं मीम मी केलं. आभाराची ओळ माझी नाही, पण चित्र माझंच. त्यातला प्रवासी म्हणजे आम्ही. आमच्यातले बरेच जण गावाहून पहिल्या गाडीने येतात. मधल्या वेळात घरी जाता येत नाही, मग लायब्ररीत डुलक्या काढतो. ती चेष्टा आमच्या डुलक्यांची होती. पण चित्रात तसं कुठेच लिहिलेलं नाही आणि ज्यांनी वेळापत्रक केलं त्यांना ते आपल्यावरच वाटेल, हा विचार मी केला नाही. लॅब एकच आहे आणि सकाळी तिथे टी. वाय.च्या बॅचेस असतात, हे मला नंतर लॅबमधल्या काकांकडून कळलं. मीम मी ग्रुपवरून काढलं आहे. पुढे गेलेलं माझ्या हातात नाही. पण ते कुणाबद्दल होतं, हे ग्रुपवर स्पष्ट लिहिलं आहे. तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल माफी मागतो.

आपला विद्यार्थी’

यातलं सगळ्यात कामाचं वाक्य कोणतं? माझ्या मते ‘त्यातला प्रवासी म्हणजे आम्ही’. हेतू चांगला होता असं नुसतं म्हणण्यापेक्षा चित्रात कोण कोण आहे हे सांगितलं, की मॅडम ते पुन्हा बघतील आणि स्वतः पडताळतील. काकांचा उल्लेखही असाच. चौकशी केल्याचा तो पुरावा आहे. ‘गैरसमज झाला असल्यास क्षमस्व’ हे मात्र टाळावं. त्यात चूक अलगद वाचणाऱ्याच्या माथी जाते. ‘सगळेच करतात’ हेही नको. मॅडमना सगळ्यांशी नाही, या मुलाशी बोलायचं आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सर्वांसाठी डिलीट’ साधारण अडीच दिवसच चालतं आणि इतरांनी पुढे धाडलेल्या प्रती त्याने पुसल्या जात नाहीत. म्हणून ‘सगळीकडून काढलं’ असं लिहू नये. उद्या स्टाफरूममध्ये ते पुन्हा कुणाच्या फोनवर निघालं तर पत्रही खोटं ठरेल.

या पत्राला मर्यादाही आहे. मीममध्ये मॅडमचा फोटो, त्यांची लकब किंवा नाव असेल, तर ‘प्रेमाने केलं’ हा खुलासा टिकत नाही. तिथे खुलासा वगळून सरळ माफी मागावी.

आणि साडेचार तासांचा गॅप? तक्रार खरी आहे, पण ती या पत्रात घुसवू नका. घुसवलीत तर माफी म्हणजे सौद्याची सुरुवात वाटेल. पत्र एका पानावर लिहून स्टाफरूममध्ये गर्दी नसताना हातात द्या. गॅपचा अर्ज चार-आठ दिवसांनी, वर्ग प्रतिनिधीच्या सहीने, विभागप्रमुखांकडे स्वतंत्र द्या.