पुड्यावरील कंस आणि सूचना

बिस्किटाच्या पुड्याची मागची बाजू आपण क्वचितच वाचतो. परंतु ज्या घरातील मुलाला शेंगदाणा वा दूध सोसत नाही, तेथे ती सर्वांत आधी वाचली जाते. हा मजकूर कोणालाही पाहता यावा म्हणून २०१२ साली फ्रान्समध्ये ‘ओपन फूड फॅक्ट्स’ हा खुला संग्रह सुरू झाला. पुड्याचे छायाचित्र द्यावे व त्यावरील मजकूर जसाच्या तसा लिहून काढावा, अशी त्याची रीत आहे. आम्हां मसाटकरांच्या वाण्याकडेही मिळेल असा एक कल्पित पुडा घेऊन ती पाहू.

त्यावर छापले आहे: ‘गव्हाचा मैदा ६२%, साखर, पामतेल, चॉकलेटचे कण ५% (साखर, कोको, सोया लेसिथिन), दुधाची भुकटी, मीठ.’ आपल्या देशाच्या नियमानुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. म्हणून क्रम हीच एक माहिती असते. येथे लिहिणाऱ्याने कंस गाळला, तर नाममात्र असलेले लेसिथिन दुधाच्या भुकटीहून अधिक आहे, असा अर्थ होईल. टक्का ज्या शब्दाला जोडलेला आहे, त्याच शब्दापाशी राहिला पाहिजे. वावडे असणारे घटक मात्र त्या संग्रहात `_दूध_`, `_सोया_` असे दोन खालच्या रेषांमध्ये लिहितात.

यादीखाली दोन सूचना आहेत: ‘गहू, दूध, सोया आहे’ आणि ‘शेंगदाणा असू शकतो’. पहिलीतील पदार्थ मुद्दाम घातलेले आहेत. दुसरीतील पदार्थ त्याच कारखान्यातील अन्य मालाचा अंश मिसळण्याच्या शक्यतेमुळे सांगितला आहे. दोन्ही एकत्र लिहिल्या, तर शेंगदाणा घटकच ठरतो. दुसरी गाळली, तर शेंगदाणा न सोसणारे मूल तो पुडा निर्धास्तपणे खाईल.

पोषणाच्या तक्त्यात तीन रकाने आहेत. स्निग्धांश १०० ग्रॅममध्ये १६ ग्रॅम, २५ ग्रॅमच्या एका वाट्यात ४ ग्रॅम, आणि दैनंदिन गरजेच्या ६%. ही गरज ६७ ग्रॅम धरलेली असते. ४ ग्रॅम तिच्या सहा टक्क्यांच्या जवळपास भरतात, म्हणजे रकाने जागच्या जागी आहेत.

छायाचित्र पुसट असून १६ चे १० वाचले गेले, तर ते ऊर्जेवरून कळते. प्रथिने ७ आणि कर्बोदके ७२ ग्रॅम. यांची प्रत्येकी ४ व स्निग्धांशाची ९ किलोकॅलरी प्रतिग्रॅम धरली, तर बेरीज ४६० येते. पुड्यावरही ४६० आहे. १० धरल्यास ४०६ भरते. तंतूमुळे वा पूर्णांक केल्यामुळे थोडा फरक पडतो, पण चोपन्नाचा नव्हे. तरीही आकड्याचा उलगडा न झाल्यास जागा रिकामी ठेवून दुसरे छायाचित्र घ्यावे. तेथे शून्य लिहू नये. शून्य म्हणजे ‘नाही’, आणि रिकामी जागा म्हणजे ‘वाचता आले नाही’.