टेम्पो भरण्याआधीची यादी

गणेशोत्सवात आणि जत्रांच्या दिवसांत गावोगाव फिरणाऱ्या बँडची गिटार क्वचितच घरी राहते. राहतो तो कीबोर्डचा अडॅप्टर. म्हणून सामानाची यादी वाद्यानुसार करावी आणि प्रत्येक वाद्याखाली ते वाजायला लागणारं सगळं लिहावं. कीबोर्ड म्हटलं की अडॅप्टर, स्टँड, सस्टेन पेडल. ड्रम म्हटला की किक पेडल, सिंबलचे स्टँड, ड्रमची चावी आणि खाली अंथरायची सतरंजी, नाहीतर गुळगुळीत फळ्यांवर किक ड्रम पुढे सरकत जातो.

केबलचं गणित सोपं आहे. गिटार ते पेडल एक, पेडल ते अँप एक, बासला एक, कीबोर्डला डावी-उजवी मिळून दोन. झाल्या पाच. वर दोन जादा घ्याव्यात, कारण केबल बहुधा जॅकपाशी, आतल्या डागाजवळ तुटते आणि बाहेरून ते दिसत नाही. वाजवताना जॅक हलकेच हलवला आणि खरखर आली, तर ती केबल त्याच क्षणी गाठ मारून बाजूला ठेवावी. गाठ नसेल, तर पुढच्या गावी तीच पुन्हा हाताला लागते.

तारांमध्ये सर्वांत जास्त तुटते ती पहिली, सर्वांत बारीक तार. त्यामुळे पूर्ण संचाबरोबर पहिल्या तारा तीन-चार सुट्या असाव्यात. नवी तार ताणली जाईपर्यंत सुरातून उतरत राहते, म्हणून बदलायची ती आदल्या दिवशी. तार दर वेळी ब्रिजवरच तुटत असेल, तर दोष तारेचा नाही. तिथल्या धातूला धार आलेली असते. बारीक पॉलिश पेपरने ती घासून काढावी.

विजेच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. मंडपात जनरेटरवरून येणारा सॉकेट अनेकदा मोठा, सोळा अँपिअरचा असतो आणि आपल्या बोर्डाची पिन लहान, सहाची. म्हणून कन्व्हर्टर यादीत हवाच. लहान पिनेचा बोर्ड २३० व्होल्टवर साधारण १,३८० वॉट पेलतो. अँप, पेडल आणि कीबोर्ड त्यात आरामात बसतात, पण कुणी हजार वॉटचे दोन हॅलोजन त्यावर लावले की बोर्ड तापतो. अर्थिंग नसेल, तर तारांवर हात असताना ओठ माइकला लागताच झटका बसू शकतो. गाण्याआधी माइकच्या जाळीला आणि तारांना टेस्टर लावून बघावा. दिवा लागला, तर मंडपाच्या वायरमनला बोलवावं, तोवर कुणी वाद्याला हात लावू नये. अर्थची पिन तोडून बोर्ड बसवणं तर कधीच नको.

आता कोण काय उचलतं ते. वाद्य ज्याचं त्याने उचलावं, पण केबलची पेटी आणि बोर्ड एकाच माणसाच्या ताब्यात असावेत. अँप आणि ड्रमच्या पेट्या दोघांनी धराव्यात. स्टेजवर आधी लागणारी सतरंजी आणि बोर्ड टेम्पोत शेवटी चढवावेत, म्हणजे उतरवताना तेच हाताशी येतात. सामान हरवतं ते बहुतेक परतीला, रात्री एकच्या सुमारास, दिवे मालवल्यावर. म्हणून यादीची दुसरी प्रत पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावी आणि पेटीवाल्याने बॅटरीच्या उजेडात खुणा पूर्ण केल्याशिवाय ड्रायव्हरला निघायला सांगू नये.