पेरणीची प्रार्थना (पनवेल परिसर)

पेरणीची प्रार्थना म्हणजे खरीप हंगामातील पहिले बी जमिनीत टाकण्यापूर्वी शेतकऱ्याने भूमी, ग्रामदेवता व कुलदैवत यांचे मानलेले आभार आणि वेळेवर पाऊस व पुरेसे पीक यांसाठी केलेली मागणी होय. या लेखात रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील भातशेतीच्या संदर्भात तिचे स्वरूप सांगितले आहे. तालुक्यातील कळंबोली हे आज सिडकोने वसवलेले उपनगर व लोखंड-पोलाद बाजाराचे ठिकाण म्हणून ओळखले जाते. नवी मुंबईसाठी भूसंपादन होण्यापूर्वी हा खाडीलगतचा भातशेतीचा प्रदेश होता.

## स्वरूप

या प्रार्थनेला ठरलेला पाठ नाही आणि पुरोहिताचीही आवश्यकता नसते. घरातील कर्ता पुरुष किंवा स्त्री आपल्या बोलीत ती म्हणते, पुष्कळदा मनातल्या मनातच. बियाण्याला व अवजारांना हळद-कुंकू वाहणे, शेताच्या कडेला नारळ फोडणे आणि पहिली मूठ देवाचे नाव घेऊन जमिनीत टाकणे हे विधी सर्वसाधारणपणे आढळतात. तपशील घरोघरी बदलतो. देशावर तिफणीने पेरणी होत असल्याने तिफणीची पूजा करून चाड्यावर मूठ धरली जाते. कोकणात भाताचे बी बहुधा हाताने फोकतात, त्यामुळे येथे पूजेचा मुख्य विषय बी व जमीन हाच असतो.

नांगरटीच्या वेळी शेताला उद्देशून प्रार्थना करण्याची कल्पना प्राचीन आहे. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलातील ५७ वे सूक्त क्षेत्रपती, शुनासीर आणि सीता म्हणजे नांगराचे तास यांना उद्देशून आहे. मात्र गावातील प्रार्थना या सूक्तावरून आलेली नाही. ती तोंडी परंपरेने चालत आलेली आहे.

## पेरणीआधी आभार का

पीक हाती येण्यापूर्वीच आभार मानणे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. त्याचे उत्तर बियाण्यात आहे. पूर्वी पेरणीचे बी मागच्या वर्षीच्या पिकातून निवडून, वाळवून, भाताच्या पेंढ्याने बांधलेल्या मुडीत राखून ठेवले जाई. पावसाळ्याच्या तोंडावर मुडी सोडली, की मागील हंगाम पार पडला आणि टंचाईतही बियाण्याला हात लावावा लागला नाही, याचा पुरावाच समोर येत असे. म्हणून आभार मागील पिकाचे आणि मागणी पुढील पिकाची, असे दोन भाग एकाच प्रसंगी जुळून येतात. विकतचे बियाणे वापरू लागल्यापासून हा दुवा सैल झाला आहे.

## ‘वेळेवर पाऊस’ म्हणजे काय

कोकणात पावसाचे एकूण प्रमाण सहसा कमी पडत नाही. अडचण त्याच्या वेळेची असते. त्यामुळे प्रार्थनेत भरपूर पावसापेक्षा वेळेवरच्या पावसाला महत्त्व असते. शेतकरी ही वेळ सूर्यनक्षत्रांवरून मोजतात. रोहिणी नक्षत्र सुमारे २५ मे रोजी आणि मृग ७ किंवा ८ जूनला लागते. भारतीय हवामान विभागाच्या सरासरीनुसार मुंबईत मोसमी पाऊस ११ जूनच्या सुमारास पोहोचतो, म्हणजे मृगाच्या आरंभीच.

सुमारे १२० दिवसांत तयार होणाऱ्या भाताचे उदाहरण घेतल्यास ही मागणी स्पष्ट होते. एक एकर लावणीसाठी सुमारे चार गुंठ्यांची रोपवाटिका लागते. उन्हाळ्यात फांद्या, पालापाचोळा व शेण पसरून भाजलेल्या राबावर १० जूनला बी टाकले, तर रोपे तीन ते साडेतीन आठवड्यांत, म्हणजे पुनर्वसू नक्षत्राच्या सुमारास, लावणीयोग्य होतात. त्या वेळी चिखलणी होईल इतके पाणी शेतात साचलेले असावे लागते. सप्टेंबरच्या पूर्वार्धात पीक फुलोऱ्यावर येते आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात कापणी होते.

या क्रमात पाऊस तीन ठिकाणी चुकू शकतो. पेरणीनंतर एखादी सर येऊन मग दीर्घ खंड पडला, तर रुजलेले कोंब वाळतात. राब विरळ व पिवळा दिसू लागतो आणि दुबार पेरणी करावी लागते. लावणीच्या वेळी पाणी कमी पडले, तर रोपे राबातच वयस्क होतात आणि लावल्यानंतर त्यांना फुटवे कमी येतात. हस्त व चित्रा नक्षत्रांत पाऊस लांबला, तर तयार पीक आडवे पडते आणि भिजलेल्या लोंब्यांतील दाण्यांना शेतातच मोड येतात. म्हणजे पावसाने वेळेवर येणे, टिकणे आणि वेळेवर परतणे या तिन्ही गोष्टी या मागणीत येतात.

## खारशेतीतील वेगळेपण

खाडीलगतच्या खारजमिनीत पहिल्या पावसाचे काम निराळे असते. उन्हाळ्यात खारे पाणी मातीतून वर चढते व वाफ होऊन गेल्यावर पृष्ठभागावर क्षाराचा पांढरा थर राहतो. सुरुवातीच्या जोरदार सरींनी तो धुऊन गेल्याशिवाय बी टाकले, तर कोवळी रोपे शेंड्याकडून करपतात. म्हणून येथे जमीन धुऊन निघाल्यावर, मोड आणलेले बी चिखलात फोकण्याची ‘रहू’ पद्धत रूढ झाली. भरतीचे पाणी अडवणारा बांध फुटला, तर मात्र चांगल्या पावसानंतरही जमीन पुन्हा खारी होते. पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राने अशा जमिनींसाठी ‘पनवेल १’, ‘पनवेल २’ व ‘पनवेल ३’ हे क्षार सहन करणारे भाताचे वाण विकसित केले.

## पिकाचा वाटा

पीक चांगले आले, तरी ते कसणाऱ्याच्या घरी किती राहील हा प्रश्न निराळा होता. तत्कालीन कुलाबा जिल्ह्यात खोतीच्या जमिनीवरील कुळांना पिकाचा मोठा भाग खोताला द्यावा लागे. त्याविरुद्ध १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातील चरी व आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली संप केला. तो १९३९ पर्यंत चालला आणि या काळात शेतकऱ्यांनी खोतांच्या जमिनी कसण्यास नकार दिला. पाऊस वेळेवर येऊनही तेथे पेरणी झाली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. पुढे १९४८ च्या कूळ कायद्याने आणि १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याने कुळांना संरक्षण मिळाले. देवाकडे मागता येणारे पीक आणि कायद्याने मिळवावा लागणारा वाटा यांतील फरक या संपाने दाखवून दिला.

## नवान्न

पेरणीच्या वेळी केलेली मागणी आश्विन पौर्णिमेला, म्हणजे कोकणातील नवान्न पौर्णिमेला, पूर्ण झाल्याचे मानले जाते. नव्या भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानांसह दाराला बांधतात आणि नव्या तांदळाचा नैवेद्य दाखवतात. त्यानंतर निवडलेल्या भाताचा काही भाग पुढील पेरणीसाठी बाजूला काढला जाई.

## सद्यःस्थिती

सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांची जमीन संपादित करण्याचे ठरले आणि या पट्ट्यातील भातशेती झपाट्याने घटली. कळंबोली २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेत आहे. शेत राहिले नाही, तेथे पेरणीच्या प्रार्थनेचा प्रसंगही उरला नाही; ग्रामदेवतेची पूजा मात्र जुन्या गावठाणांतून चालू आहे. पनवेल तालुक्याच्या ग्रामीण भागात अजूनही मृगात राबावर पहिली मूठ टाकली जाते.