प्रायव्हसीचा आडोसा, क्लोजरचा सोक्षमोक्ष

मंत्री दोन शपथा घेतात, एक पदाची आणि दुसरी गोपनीयतेची. दुसरीचा अर्थ सरळ आहे. खुर्चीवर बसून जे कळेल ते बाहेर बोलायचं नाही. आता मोबाइलवर एखादं ॲप मराठीत उघडून बघा, तळाशी बारीक अक्षरांत ‘गोपनीयता धोरण’ लिहिलेलं असतं. शब्द तोच, पण मामला उलटा. मंत्र्याची गोपनीयता म्हणजे सरकारनं लोकांपासून राखलेलं गुपित. ॲपची गोपनीयता म्हणजे कंपनीनं तुमच्या-माझ्या माहितीत किती नाक खुपसायचं, त्याचा करार. इंग्रजीत पहिलीला सीक्रसी म्हणतात आणि दुसरीला प्रायव्हसी. मराठीत आपण दोघींना एकाच खोलीत कोंडलं आहे.

यानं काय बिघडतं, ते 2017 नंतर चांगलंच दिसलं. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी आधार योजनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले होते. त्यांच्या प्रकरणात 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं एकमतानं सांगितलं, की प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे. मराठीत तो कुठे ‘गोपनीयतेचा अधिकार’ झाला, कुठे ‘खासगीपणाचा’. गोपनीयता म्हटली की पुढचा प्रश्न ठरलेलाच: ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, त्याला हा अधिकार हवाच कशाला? वाद घालणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, की त्याचा अर्धा युक्तिवाद त्या शब्दानंच करून ठेवला आहे.

‘खासगी’ची अडचण वेगळी आहे. हा शब्द मूळचा दरबारी. होळकरांच्या राज्यात खासगी म्हणजे राजघराण्याची स्वतंत्र मिळकत, दौलतीच्या हिशोबापासून वेगळी ठेवलेली. अहिल्याबाईंनी देशभर घाट आणि देवळं बांधली, त्या संदर्भात हा शब्द हमखास भेटतो. पुढे दौलत गेली, सरकार आलं आणि खासगी हा सरकारीच्या विरुद्धचा शब्द झाला. खासगी बस, खासगी शाळा, खासगी दवाखाना. तेव्हा ‘खासगीपणा जपा’ म्हटल्यावर कुणाला एसटीच्या खासगीकरणाची आठवण झाली, तर त्याला दोष देता येणार नाही.

एक खटला घेऊन हे दोन्ही शब्द तपासता येतात. महाराष्ट्राच्या गोवंश हत्याबंदी कायद्यात असं कलम होतं, की राज्याबाहेरून आणलेलं गोमांस जवळ बाळगणं हाही गुन्हा. मे 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं हत्याबंदी कायम ठेवली, पण हे कलम रद्द केलं. कारण दिलं प्रायव्हसीचं. इथे ‘गोपनीयता’ बसवून पाहा. घरात काय शिजतं ते लपवण्याची मुभा कुणीच मागत नव्हतं. ‘एकांत’ तर हास्यास्पदच होईल. मुद्दा एवढाच होता, की माझ्या ताटात काय आहे याच्याशी सरकारला कर्तव्य नाही. मराठीत हे आपण असं अख्खं वाक्य करून बिनचूक सांगतो. त्याचं नाम करायला गेलो की गाडी अडते.

म्हणजे मराठी माणसाला ही कल्पनाच नव्हती का? होती. जुन्या वाड्यात परका माणूस ओसरीपर्यंतच येई, माजघरात नाही. सासरे आत यायच्या आधी उंबऱ्याशी खाकरत, तेवढ्यात आतल्या बाया पदर सावरत. चाळीत तर दारं दिवसभर सताड उघडी, पण शेजारच्या भांडणाकडे कानाडोळा करायचा हा अलिखित नियम. न्हाणीला आडोसा, पाहुण्यापुढे विषय बंद, घरातलं घरात. शब्द भरपूर आहेत. मात्र नीट पाहिलं तर हे सगळं कुटुंबाचं आहे, बाहेरच्यांपासून राखलेलं. घरातल्या घरात, बापापासून, नवऱ्यापासून किंवा सासूपासून एकट्या माणसाला काही राखता यावं, यासाठी आपल्याकडे शब्द विरळ आहेत. मुलीनं दाराला कडी लावली की ‘आत काय चाललंय?’ हाच प्रश्न येतो.

कायद्यानंही हाच प्रवास केला. भारतीय सुविधाधिकार कायदा 1882 सालचा. शेजाऱ्याच्या प्रायव्हसीवर घाला पडेल अशी नवी खिडकी काढायची नाही, असा एखाद्या गावचा रिवाज असू शकतो, हे त्यानं उदाहरण देऊन मान्य केलं. अलाहाबाद उच्च न्यायालयात 1888 मध्ये गोकुळ प्रसाद विरुद्ध राधो हा खटला गाजला, तोही असाच. नव्या घराच्या व्हरांड्यातून आणि दारांतून शेजारच्या बायकांचा वावर दिसत होता. तिथे राखायचा होता घराचा पडदा. पुट्टस्वामी निकालात मात्र हक्क एकट्या माणसाचा आहे. आडोशापासून इथवर यायला कायद्याला सव्वाशे वर्षं लागली, मग मराठीला तयार शब्द सापडत नाही यात नवल ते काय!

क्लोजरची गत निराळी. हा शब्द आपल्याकडे आला तो आधी पोलीस ठाण्यात. तपास थांबवायचा असला की पोलीस न्यायालयात क्लोजर रिपोर्ट देतात. महाराष्ट्रात त्याला समरी म्हणतात. गुन्हा घडला पण आरोपी सापडला नाही तर ‘अ’, तक्रार खोडसाळ आणि खोटी निघाली तर ‘ब’, आणि गैरसमजातून झाली असेल तर ‘क’. गंमत म्हणजे हा क्लोजर काही बंद नसतो. फिर्यादी विरोध करू शकतो आणि दंडाधिकारी पुन्हा तपास करायला सांगू शकतात.

मनाचा क्लोजर अमेरिकेतून आला. ओक्लाहोमा सिटीतल्या 1995 च्या बॉम्बस्फोटात 168 माणसं गेली. स्फोट घडवणाऱ्या टिमथी मॅक्व्हेला जून 2001 मध्ये देहदंड झाला, तेव्हा मृतांच्या नातलगांना आणि वाचलेल्यांना तो बंदिस्त प्रक्षेपणावर पाहण्याची सोय सरकारनं केली. दोनशेहून अधिक जणांनी तो पाहिला. यातून त्यांना क्लोजर मिळेल, असं तेव्हा वारंवार बोललं गेलं. पुढे त्यांतल्या अनेकांनी सांगितलं, की दुःख होतं तिथेच आहे.

प्रकरण मिटलं की मनही मिटतं, असं तो शब्द गृहीत धरतो. मराठी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवते. बाहेरच्या भानगडीचा सोक्षमोक्ष लागतो. मनाची समजूत घालावी लागते, आणि ती पटतेच असं नाही. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडल्याच्या बातम्या पुण्यात आल्या, तरी पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करलं नाही. पुढे भाऊंचा तोतया उभा राहिला. त्याची चौकशी होऊन 1776 मध्ये त्याला मारलं. दरबारापुरता सोक्षमोक्ष लागला, पण पार्वतीबाई 1783 पर्यंत सौभाग्यवती म्हणूनच जगल्या.

धर्मशास्त्राला ही अडचण ठाऊक होती. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, हा पालाशविधी. आणि तो माणूस जिवंत परत आलाच तर? त्याचे जातकर्मापासूनचे संस्कार पुन्हा करायचे. दार लावून घ्यायचं, पण कडी घालायची नाही, असा हा व्यवहार. कुणाला तो भाबडा वाटेल. मला तो क्लोजरपेक्षा प्रामाणिक वाटतो.

तेव्हा प्रतिशब्द शोधणाऱ्यांना एक विनंती. पोलिसांच्या कागदावर क्लोजर राहू द्या, तिथे तो रुळला आहे. पण ‘गोपनीयता धोरण’ लिहिणाऱ्यांनी तेवढं शीर्षक बदलावं आणि सरळ लिहावं: ‘तुमची माहिती आम्ही कशासाठी घेतो आणि कोणाला देतो’. शब्द चार-पाच जास्त लागतील, पण ‘मान्य आहे’वर बोट ठेवण्याआधी माणूस निदान वाचेल तरी.